चाचणीच्या कॉपीवर फुली पडली, पण का ते कळलं नाही : बाईंना पत्र कसं लिहावं

इंदूरच्या शाळांमध्ये उत्तरपत्रिकेला सगळे कॉपीच म्हणतात, म्हणून मीही इथे तोच शब्द वापरते. चाचणी झाली की आठ-दहा दिवसांत तपासलेल्या कॉप्या वर्गात वाटल्या जातात. त्याच तासाला मुलं पानं उलटतात, बेरीज मोजतात, शेजारच्याचे गुण बघतात. मग कॉपी घरी सहीला जाते आणि दुसऱ्या दिवशी परत गोळा होते. काही शाळा तर ती घरीही देत नाहीत. म्हणजे लाल फुलीकडे नीट बघायला मुलाच्या हातात जेमतेम एक संध्याकाळ असते, कधी तीही नसते.

हा लेख आठवी ते दहावीच्या अशा मुलामुलींसाठी आहे, ज्यांनी शिक्षकांना असं पत्र कधी लिहिलेलं नाही. बदलीमुळे पुण्या-नागपूरहून नुकतीच इथल्या शाळेत आलेली मुलंही त्यात आली. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे उदाहरण नववीच्या 'गती' या धड्याचं घेते. गणित किंवा समाजशास्त्र असेल तरी रीत फारशी बदलत नाही. भाषेच्या पेपरात निबंधाचे गुण का कापले, हा मात्र वेगळा विषय आहे. तिथे समोर बसून बोलणंच बरं.

तोंडी विचारायचं सोडून पत्र कशाला, असं घरचे विचारतील. कॉप्या वाटल्या जातात त्या तासाला टेबलाभोवती पंधरा जण उभे असतात आणि त्यातल्या दहा जणांना अर्धा गुण हवा असतो. त्या गर्दीत "बाई, हे का चुकलं?" असं विचारलं तर "धडा परत वाच" हेच उत्तर मिळणार, आणि त्यात बाईंचा दोषही नाही. पत्र असलं की बाई मोकळ्या तासाला उत्तरसूची आणि तुझं उत्तर शेजारी ठेवून बघू शकतात. शिवाय लिहायला बसल्यावर निम्म्या शंका आपोआप सुटतात, हा माझ्या दृष्टीने पत्राचा मोठा फायदा आहे. म्हणूनच पत्राआधीचं काम पत्रापेक्षा जास्त आहे.

आधी फुल्या वेगळ्या करा

कॉपी हातात आली की चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं काय करायचं ते ठरवा. सगळे प्रश्न पत्रात घालायचे नसतात.

बेरीज चुकली असेल, एखादं उत्तर तपासायचं राहून गेलं असेल, आतल्या पानावरचे गुण पहिल्या पानावर उतरले नसतील, तर त्याला पत्र लागत नाही. त्याच तासाला कॉपी पुढे करून "बाई, सातव्या प्रश्नाचे दोन गुण बेरजेत आले नाहीत" एवढं सांगा. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे. शंकेच्या पत्रात हा मजकूर आला की अख्खं पत्र गुणांसाठी लिहिल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या प्रकारच्या फुल्या पुस्तक उघडल्यावर कळतात. उदाहरणार्थ, अंतर आणि काळाच्या आलेखावर आडवी सरळ रेषा दिली होती आणि गती कशी आहे ते विचारलं होतं. मुलीने लिहिलं, "वस्तू एकसमान वेगाने जात आहे." तशीच रेषा वेग आणि काळाच्या आलेखावर असती तर उत्तर बरोबर ठरलं असतं. अंतर बदलतच नसेल तर वस्तू जागच्या जागी उभी आहे. पुस्तकातले दोन आलेख शेजारी ठेवले की हे दिसतं. किंवा उत्तर '२०' लिहिलं, 'मी/से' राहिलं आणि अर्धा गुण गेला. संख्यात्मक उदाहरणात सूत्र, किंमती घालणं आणि एककासह उत्तर अशा टप्प्यांना गुण असतात, त्यामुळे एकक विसरलं की शेवटचा टप्पा अर्धाच राहतो. यात विचारण्यासारखं काही नाही. वहीत नोंद करा आणि पुढे चला.

तिसऱ्या प्रकारात पुस्तक वाचलं, बरोबर उत्तरही सापडलं, पण आपलं उत्तर चूक का ते अजून कळत नाही. पत्र फक्त अशाच प्रश्नांसाठी लिहायचं. वीस गुणांच्या चाचणीत असे प्रश्न एक किंवा दोन निघतात. पाच निघाले तर धडाच नीट समजलेला नाही असं धरा. मग पत्राऐवजी "बाई, हा धडा मला परत समजून घ्यायचा आहे" असं सरळ सांगितलेलं चांगलं.

कॉपीतून उतरवून घ्या

कॉपी परत जाणार असते, म्हणून त्याच संध्याकाळी प्रश्न आणि आपलं उत्तर वहीत शब्दशः उतरवा. शब्दशः यासाठी की घरी बसून लिहिताना आपण नकळत उत्तर सुधारतो, आणि मग बाईंना कॉपीत एक दिसतं आणि पत्रात दुसरंच. फोनवर फोटो काढता आला किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात छायाप्रत काढता आली तर अधिक चांगलं. लाल शाईतला शेराही उतरवा. "कारण?" असा एकच शब्द लिहिलेला असला तरी शिक्षकाने गुण कुठे कापला ते त्यातूनच कळतं.

तपासलेल्या कॉपीवर स्वतः काहीही लिहू नका. पेन्सिलने बाण किंवा प्रश्नचिन्हही नको. तपासणीनंतर कॉपीत खाडाखोड दिसली की गुणांसाठी नंतर लिहिलंय अशी शंका येते आणि मग मूळ प्रश्नाकडे कोणी बघत नाही.

नेमकं कुठे अडलं ते शोधा

इथे बहुतेक मुलं घाई करतात. "माझं उत्तर का चुकलं?" या प्रश्नाचं उत्तर शिक्षक एका ओळीत देतात आणि ती ओळ पुस्तकातलीच असते. शंका तिथेच राहते. म्हणून पत्रात आपण कसा विचार केला ते आलं पाहिजे, आणि बरोबर पद्धत माहीत असूनही काय खटकतंय तेही आलं पाहिजे.

एक प्रश्न घेऊन बघू. चाचणीत होतं : इंदूर ते देवास अंतर ३६ किमी धरा. गाडी जाताना ताशी ३६ किमी आणि परतताना ताशी ७२ किमी चालीने आली, तर संपूर्ण प्रवासातली सरासरी चाल किती? मुलीने ३६ आणि ७२ ची बेरीज करून दोनने भागलं आणि उत्तर काढलं ५४. त्यावर फुली पडली आणि शून्य गुण मिळाले. एकक बरोबर असूनही काही मिळालं नाही, कारण पद्धतीचा एकही टप्पा बरोबर नव्हता.

पुस्तकात सूत्र आहे : सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. जायला एक तास, यायला अर्धा तास, एकूण ७२ किमी भागिले दीड तास, म्हणजे ४८. हे तिने घरी करून पाहिलं. तरी प्रश्न उरतोच, की दोन संख्यांची सरासरी काढायला तर पाचवीपासून असंच शिकवलंय, मग इथे का नाही? ही खरी शंका आहे. ती पत्रात आली की "सूत्र पाठ कर" असं उत्तर देता येत नाही.

दुसरा प्रश्न : वर्तुळाकार मार्गावर एकसमान चालीने फिरणारी वस्तू त्वरणित असते का? कारण लिहा. मुलीचं उत्तर, "नाही, कारण चाल बदलत नाही." पुस्तक म्हणतं की दिशा बदलते, म्हणून वेग बदलतो, म्हणून त्वरण असतं. हे वाक्य घोकून पुढच्या वेळी गुण मिळवता येतील. पण तिने (v − u)/t या सूत्रात दोन्ही जागी १० घातले तर वर शून्य आलं आणि त्वरणही शून्य! पुस्तकातलं वाक्य आणि पुस्तकातलंच सूत्र एकमेकांशी भांडताना दिसतात. अशी शंका घेऊन येणाऱ्या मुलीसाठी मी डबा अर्धा सोडून उठेन.

आता पत्र

कोणत्या भाषेत? शाळा हिंदी माध्यमाची असेल तर हिंदीत, इंग्रजी माध्यमाची असेल तर इंग्रजीत. बाई घरी मराठी बोलतात हे माहीत असलं तरी शाळेत शाळेचीच भाषा वापरावी. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात मराठी सरांकडे शिकवणीला जात असाल आणि चाचणी त्यांनीच घेतली असेल, तर मराठीत जरूर लिहा. पेपरात जे शब्द छापले होते तेच पत्रात ठेवा. पेपरात 'औसत चाल' असेल तर 'औसत चाल'च लिहा, म्हणजे कोणत्या प्रश्नाबद्दल चाललंय ते शोधावं लागत नाही.

हिंदीत लिहिणाऱ्यांना एक सूचना. 'सेवा में, श्रीमान प्राचार्य महोदय, सविनय निवेदन है' हा साचा सुट्टीच्या अर्जाचा आहे. शंकेच्या पत्राला तो लावला की तक्रारअर्जाचा वास येतो. 'आदरणीय मैडम, सादर प्रणाम' एवढं पुरतं.

खालचा नमुना शिकवणीच्या मराठी बाईंसाठी आहे.

दिनांक :

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. मी नववीच्या संध्याकाळच्या वर्गातली विद्यार्थिनी. सोमवारी आपण 'गती' या धड्याच्या चाचणीच्या कॉप्या दिल्या. घरी मी कॉपी पुन्हा वाचली. प्रश्न २ आणि ७ मधल्या चुका माझ्या लक्षात आल्या. प्रश्न ४ आणि ६ मात्र पुस्तक वाचूनही पूर्ण कळले नाहीत, म्हणून लिहीत आहे.

प्रश्न ४ (इंदूर-देवास प्रवासाची सरासरी चाल). मी लिहिले होते : (३६ + ७२) ÷ २ = ५४ किमी/तास. एकूण अंतर भागिले एकूण वेळ केल्यावर ४८ येते, हे मी करून पाहिले. पण जाण्याचे आणि येण्याचे अंतर सारखेच असताना दोन चालींची सरासरी का चालत नाही, हे कळत नाही. ती कधी चालते का?

प्रश्न ६ (वर्तुळाकार गती). मी लिहिले होते : त्वरण नाही, कारण चाल बदलत नाही. पुस्तकात दिशा बदलते असे कारण दिले आहे. पण (v − u)/t या सूत्रात u = १० मी/से आणि v = १० मी/से घातले तर उत्तर शून्य येते. सूत्र इथे लागू होत नाही, की मी किंमती घालण्यात चूक करते आहे?

मी गुण वाढवून मागत नाही. आपल्या सवडीने दोन ओळी लिहून दिल्या किंवा वर्ग सुटल्यावर सांगितले तरी चालेल. कॉपीच्या दोन पानांची छायाप्रत सोबत आहे.

आपली विद्यार्थिनी,
(पूर्ण नाव, हजेरी क्रमांक)

पत्र एका पानात बसलं पाहिजे. प्रत्येक प्रश्नाखाली तीन-चार ओळी कोऱ्या सोडा. बऱ्याच बाई त्याच कागदावर उत्तर लिहून परत देतात आणि जागा नसेल तर कडेला काहीतरी कोंबतात, जे तुला वाचताच येत नाही. लाल पेन वापरू नका, तो तपासणाऱ्याचा असतो.

'प्रश्न २ आणि ७ मधल्या चुका लक्षात आल्या' हे वाक्य गाळू नका. मुलीने घरी बसून कॉपी खरोखर बघितली आहे हे शिक्षकाला त्यावरून कळतं. 'गुण वाढवून मागत नाही' हेही तसंच, पण ते एकदाच लिहा. तीनदा लिहिलं की उलटाच अर्थ निघतो.

आणि दुसऱ्याची कॉपी मध्ये आणायची नाही. "माझ्या मैत्रिणीने हेच लिहिलं, तिला दोन गुण मिळाले" या वाक्याने तुझी शंका सुटत नाही, मैत्रिणीचे गुण मात्र जातात. आईबाबांनी पत्र लिहून त्याखाली सही करणं हाही चुकीचाच रस्ता. तुझ्या अक्षरातलं, एखादी ऱ्हस्व-दीर्घाची चूक असलेलं पत्र शिक्षकाला जास्त खरं वाटतं.

कधी आणि कसं द्यावं

कॉप्या मिळाल्यापासून तीन-चार दिवसांत द्या. त्याच दिवशी देऊ नका, कारण तेव्हा पुस्तक बघून झालेलं नसतं. महिन्यानंतरही देऊ नका, तोवर बाईंच्या डोक्यात पुढचा धडा असतो. सहामाहीच्या आदल्या आठवड्यात तर नकोच. हातात द्या, शक्यतो तास संपल्यावर, आणि "बाई, दोन शंका लिहून आणल्यात, वेळ मिळेल तेव्हा बघाल का?" इतकंच म्हणा. टेबलावर गुपचूप ठेवलेला कागद गठ्ठ्यात हरवतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकूच नका. तिथे चाळीस पालक वाचतात आणि शंकेचं भांडण व्हायला वेळ लागत नाही.

आठवडाभरात उत्तर आलं नाही तर मधल्या सुट्टीत एकदा आठवण करा. तेव्हाही जमलं नाही तर तीच शंका दुसऱ्या विज्ञान शिक्षकांना विचारा, पण नुसता प्रश्न विचारा. कोणी फुली दिली ते सांगू नका.

उत्तर आल्यावर

प्रश्न ४ ला बाई बहुधा असं काहीतरी लिहितील : अंतर सारखं आहे, वेळ सारखा नाही. गाडी ३६ च्या चालीने एक तास होती आणि ७२ च्या चालीने अर्धाच तास. म्हणून सरासरी ३६ कडे जास्त झुकते.

"कळलं" म्हणून कागद घडी करून ठेवायच्या आधी एक छोटी परीक्षा स्वतःची घ्या. गाडी एक तास ३६ ने आणि पुढचा एक तास ७२ ने गेली तर? एकूण १०८ किमी, दोन तास, सरासरी ५४. म्हणजे चाचणीत चुकलेलं तेच उत्तर इथे बरोबर आहे! वेळ सारखा असेल तर दोन चालींची सरासरी चालते. अंतर सारखं असेल आणि चाली वेगळ्या असतील तर चालत नाही. हे स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं तर शंका मिटली. नाही आलं तर परत विचारायला हरकत नाही, पण आता नवीन मुद्दा घेऊन.

प्रश्न ६ चं उत्तर थोडं लांब आहे, म्हणून बाई तोंडी सांगतील असं धरा आणि वही घेऊन जा. मुद्दा असा की u आणि v ला नुसत्या संख्या धरून सूत्रात घालणं सरळ रेषेतल्या गतीत चालतं. तिथे दिशेचं काम अधिक-वजा चिन्हाने भागतं. वर्तुळात प्रत्येक क्षणी दिशा वळते. समजा, आधी वेग पूर्वेकडे १० मी/से होता आणि पाव फेरीनंतर उत्तरेकडे १० मी/से झाला. दोन बाण काढून बघा. लांबी सारखी, तोंडं वेगळीकडे. एकातून दुसरा वजा केला तर शून्य उरत नाही, सुमारे १४ मी/सेचा तिरका बाण उरतो. नववीत हा हिशोब करायला लागत नाही, पण बाण काढून दाखवला की सूत्र आणि वाक्य यांचं भांडण मिटतं. कॉपीत पुढच्या वेळी "वेगाची दिशा सतत बदलते, म्हणून वेग बदलतो, म्हणून वस्तू त्वरणित आहे" एवढं लिहिलं की पुरतं. मधली कडी, 'म्हणून वेग बदलतो', गाळली की गुण कापतात. नुसतं "दिशा बदलते" लिहिलेल्या कॉप्या मी दरवर्षी बघते.

बाईंचीच चूक असेल तर

असंही होतं. चाळीस कॉप्यांमध्ये रात्री अकरा वाजता एखादं बरोबर उत्तर फुलीत जातं. तुझी पद्धत वेगळी पण बरोबर असेल, तर ती पायऱ्यांसकट लिहा, पुस्तकाचं पान नमूद करा आणि शेवटी "ही पद्धत चालेल का?" असं विचारा. "आपण चुकीचं तपासलं आहे" असं लिहायची गरज पडत नाही. पायऱ्या बरोबर असतील तर ते कागदावर दिसतंच आणि गुण आपोआप दुरुस्त होतात. पद्धत बरोबर असूनही "शिकवलं तसंच लिहा" असं उत्तर आलं, तर चाचणीपुरतं ते मान्य करा. त्या दोन-तीन गुणांसाठी प्राचार्यांपर्यंत जाण्यात अर्थ नाही.

हे सगळं शाळेतल्या आणि शिकवणीतल्या चाचण्यांना लागू आहे. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणारा कोण ते तुला माहीत नसतं आणि पत्र लिहून स्पष्टीकरण मिळत नाही. तिथे निकालानंतर बोर्डाने दिलेल्या मुदतीत शुल्क भरून गुणपडताळणीसाठी किंवा उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी अर्ज करावा लागतो. केंद्रीय बोर्ड आणि मध्य प्रदेश मंडळ यांचे नियम आणि तारखा वेगवेगळ्या असतात, म्हणून त्या वर्षीची सूचना शाळेच्या कार्यालयातून घ्यावी.